निवडीनुसार वाट बदलणाऱ्या ट्रेनिंग व्हिडिओची स्क्रिप्ट: एका अडकलेल्या खोक्यापासून तेरा क्लिपपर्यंत

कर्मचारी व्हिडिओ पाहतो, एका क्षणी व्हिडिओ थांबतो, तीन पर्याय दिसतात, तो एक निवडतो आणि त्या निवडीचं पुढे काय झालं ते त्याला दिसतं. कल्पना एवढीच आहे. पण साध्या व्हिडिओची स्क्रिप्ट लिहिणारे लोक इथे दोन ठिकाणी हमखास अडकतात. एक तर फाटे इतके वाढतात की शूटिंगच शक्य होत नाही, नाहीतर चुकीचे पर्याय इतके बावळट असतात की कोणीच ते निवडत नाही. दोन्हींवरचा इलाज स्क्रिप्टमध्येच करावा लागतो, एडिटिंगला बसल्यावर काही करता येत नाही.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे. पॅकिंग लाइनवर मशीनमध्ये खोकं अडकलंय आणि ऑपरेटरला ते काढायचंय. विषय आहे लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे मशीनची ऊर्जा तोडून स्वतःचं कुलूप आणि टॅग लावूनच आत हात घालायची शिस्त.

आधी चूक शोधा, गोष्ट नंतर

‘कर्मचाऱ्यांना लॉकआउटची माहिती असावी’ या उद्दिष्टावर असा व्हिडिओ लिहिता येत नाही. माहिती द्यायला पोस्टर पुरतं. फाटा फुटतो तो निर्णयापाशी, म्हणून पहिला प्रश्न असा हवा: माहिती असूनही माणूस नेमकं काय चुकीचं करतो, आणि त्या क्षणी त्याला ते बरोबर का वाटतं?

याचं उत्तर नियमावलीत मिळत नाही. मेंटेनन्सचा जुना फिटर, लाइनवरचा ऑपरेटर आणि सुपरवायझर यांच्याशी वेगवेगळं बोला. तिघांना एकत्र बसवलंत तर तिघंही नियमावलीच म्हणून दाखवतील. ‘काय करायला हवं?’ असं विचारू नका. ‘घाई असली की कुठली पायरी गळते?’ असं विचारा. आपल्या उदाहरणात अशी तीन उत्तरं समोर येतात.

पहिलं: एमर्जन्सी स्टॉप दाबला की मशीन बंद झालं असं समजतात, किंवा मेन स्विच बंद करतात पण ‘दोन मिनिटांचं तर काम’ म्हणून कुलूप लावत नाहीत. दुसरं: वीज तोडतात, पण खोकी पुढे ढकलणाऱ्या पुशरच्या सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा विसरतात. तिसरं: काम अर्धवट असताना शिफ्ट बदलते आणि कुलपाची जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे नीट जात नाही.

तीन चुका, म्हणून तीन निर्णय. चौथी चूक सापडली तर तिच्यासाठी वेगळा व्हिडिओ करा.

फाट्यांचा हिशेब

तीन निर्णय आणि प्रत्येकी तीन पर्याय. प्रत्येक फाटा स्वतंत्र वाढू दिला, तर सुरुवातीची 1 क्लिप, मग 3, मग 9, मग 27, अशा 40 क्लिप होतात. त्यातल्या एका वाटेने जाणारा माणूस फक्त चार पाहतो. उरलेल्या 36 शूट कराव्या लागतात, तपासाव्या लागतात आणि उद्या नियम बदलला तर बदलाव्याही लागतात.

म्हणून फाटे फोडायचे आणि पुन्हा एकत्र आणायचे. निर्णयानंतर वाट वेगळी होते, परिणाम दिसतो आणि मग सगळ्या वाटा पुढच्या समान प्रसंगाला येऊन मिळतात. आपला आराखडा असा होतो:

क्लिप 1: खोकं अडकतं. सुपरवायझर म्हणतो, ‘शिफ्ट सुटायला वीस मिनिटं आहेत, गाडी उभी आहे. बघ पटकन.’ ऑपरेटर मशीनकडे वळतो. पहिला निर्णय.

1A: एमर्जन्सी स्टॉप दाबून तो मागच्या बाजूला जातो आणि झाकण काढतो. पुढच्या पॅनेलपाशी आलेल्या मदतनिसाला तो दिसत नाही. मदतनीस स्टॉपचं बटण सोडवतो आणि स्टार्ट दाबतो. बेल्ट सुरू होतो. परत पहिल्या निर्णयाकडे.

1B: मेन स्विच आणि हवेचा व्हॉल्व्ह दोन्ही बंद करतो, कुलूप लावत नाही. काहीच घडत नाही. पुढे क्लिप 2.

1C: दोन्ही बंद करून दोन्हींना स्वतःचं कुलूप आणि नावाचा टॅग लावतो. पुढे क्लिप 2.

क्लिप 2: झाकण निघालंय, खोकं दिसतंय, मागे पुशर दाबात उभा आहे. दुसरा निर्णय.

2A: खोकं ओढतो. अडथळा निघताच पुशर झटक्याने पुढे येतो. परत दुसऱ्या निर्णयाकडे.

2B: स्टार्ट दाबून पाहतो, मशीन हलत नाही. निर्धास्त होऊन खोकं ओढतो. इथून 2A चीच क्लिप लागते.

2C: हवा सोडतो, गेजचा काटा 6 बारवरून शून्यावर येतो, पुशर लांब सळईने ढकलून मोकळा असल्याची खात्री करतो, मग स्टार्ट दाबून पाहतो. कुलूप लावलेलं असेल तर क्लिप 3, नसेल तर 3X.

3X: खोकं निघेना, शिफ्ट बदलते. नव्या शिफ्टचा मदतनीस बंद स्विच पाहतो, ‘चालू करायचं राहिलं वाटतं’ म्हणतो, हवा आणि वीज चालू करतो, स्टार्ट दाबतो. परत पहिल्या निर्णयाकडे.

क्लिप 3: खोकं निघेना, शिफ्ट बदलते, नवा ऑपरेटर येतो. कुलूप अजून पहिल्याचं आहे. तिसरा निर्णय.

3A: किल्ली नव्या ऑपरेटरला देऊन निघून जातो. कुलपावर नाव गेलेल्या माणसाचं. सुपरवायझरला वाटतं, तो कुलूप विसरून घरी गेला. तो कुलूप तोडायला माणूस बोलावतो आणि तपासायला मागे जातो, तेव्हा त्याला मशीनमध्ये वाकलेला नवा ऑपरेटर दिसतो. परत तिसऱ्या निर्णयाकडे.

3B: आपलं कुलूप काढतो आणि नव्याला ‘तुझं लाव’ म्हणतो. नवा कुलूप आणायला जातो. मधल्या वेळात मदतनीस येतो. इथून 3X चा उत्तरार्ध लागतो. परत तिसऱ्या निर्णयाकडे.

3C: नवा आधी आपलं कुलूप लावतो, मगच पहिला स्वतःचं काढतो. नवा पुन्हा एकदा स्टार्ट दाबून खात्री करतो, मग हात घालतो. शेवट.

एकूण 13 क्लिप. स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचलं तर सगळं मिळून पावणेपाच मिनिटांच्या आत बसतं. पहिल्या फटक्यात बरोबर वाट धरणारा अडीच मिनिटांत बाहेर पडतो, दोन-तीनदा चुकणारा साधारण चार मिनिटं घेतो. एखादी क्लिप 45 सेकंदांच्या वर गेली तर निवड करायला बसलेला माणूस पुन्हा नुसता प्रेक्षक होतो.

1B मध्ये काहीच का घडत नाही?

या आराखड्यात सर्वांत जास्त विचार 1B वर करावा. चुकीचा पर्याय निवडला आणि लगेच अपघात झाला, हे बघणाऱ्याला खोटं वाटतं, कारण त्याने स्वतः कुलूप न लावता कैक वेळा काम केलेलं असतं आणि काही झालेलं नसतं. व्हिडिओने त्याचा हा अनुभव नाकारला तर पुढचं सगळं तो ‘ट्रेनिंगवाल्यांचं नाटक’ म्हणून पाहतो. म्हणून निवड चुकली तरी गोष्ट सुरळीत पुढे जाऊ द्यायची. तो दुसरा निर्णय अगदी बरोबर घेतो, हवा सोडतो, खात्री करतो, आणि मग लाइनवर दुसरा माणूस येतो त्या क्षणी पहिली चूक समोर येते. कुलूप लागतं ते दुसऱ्या माणसासाठी, हे कोणी बोलून दाखवायची गरजच उरत नाही.

यासाठी व्हिडिओला पहिली निवड लक्षात ठेवावी लागते. स्क्रिप्टचा कच्चा सांगाडा ट्वाइनमध्ये करणं सोपं जातं. हे मोफत साधन आहे, प्रत्येक प्रसंगाची एक चौकट होते आणि चौकटी बाणांनी जोडलेल्या दिसतात. त्याच्या हार्लो या फॉरमॅटमध्ये 1B च्या चौकटीत `(set: $lock to false)` आणि 1C मध्ये `(set: $lock to true)` असं लिहायचं. मग 2C च्या शेवटी:

```
(if: $lock is true)[ [[पुढे->3]] ]
(else:)[ [[पुढे->3X]] ]
```

परत पहिल्या निर्णयाकडे पाठवलेला माणूस पुन्हा 1B किंवा 1C मधूनच जातो, त्यामुळे ही नोंद आपोआप बदलते. तुमचं अंतिम साधन असं काही लक्षात ठेवत नसेल, तर क्लिप 2, 2A, 2B आणि 2C च्या चौकटी दोनदा मांडा. एक संच कुलूपवाल्यांचा, एक बिनकुलूपवाल्यांचा. व्हिडिओ फाइल तीच, फक्त बाण वेगळे. शूटिंग वाढत नाही.

परत कुठे पाठवायचं हेही यातूनच ठरतं. जिथे चूक झाली तिथेच पाठवायचं. 3X पाहिलेल्याला तिसऱ्या निर्णयाकडे पाठवून उपयोग नाही, त्याची चूक पहिल्या निर्णयातली आहे. आणि कोणालाही क्लिप 1 पुन्हा पहिल्यापासून बघायला लावू नका. थेट निर्णयाच्या पडद्यावर आणा. तीच 45 सेकंदं तिसऱ्यांदा बघावी लागली की माणूस डोकं न लावता उरलेलं बटण दाबतो.

पर्यायांची वाक्यं

पर्याय म्हणजे कृती, मत नाही. ‘सुरक्षिततेचे सर्व नियम पाळतो’ हा पर्याय नाही, ते उत्तर झालं. आपल्या पहिल्या निर्णयाची वाक्यं अशी:

‘एमर्जन्सी स्टॉप दाबतो, मागे जाऊन झाकण काढतो.’
‘मेन आणि हवा बंद करतो, मागे जाऊन झाकण काढतो.’
‘मेन आणि हवा बंद करून कुलूप लावतो, मग झाकण काढतो.’

तिन्ही जवळपास सारख्याच लांबीची आहेत आणि एकातही ‘घाईघाईने’, ‘नीट’, ‘काळजीपूर्वक’ असा निवाडा देणारा शब्द नाही. बरोबर उत्तर सर्वांत लांब असणं ही नवख्या स्क्रिप्टची सगळ्यात मोठी खूण. लिहिणारा त्यात एकेक अट घालत जातो आणि वाचणारा गोष्ट न पाहता लांबी पाहून बटण दाबतो. बरोबर पर्यायाची जागाही प्रत्येक निर्णयात बदला. स्क्रिप्टमध्ये आपण सोयीसाठी तो कायम C ठेवला आहे, पडद्यावर तसा राहता कामा नये.

चुकीच्या पर्यायाला गोष्टीत आधार लागतो. सुपरवायझरचं ‘बघ पटकन’ त्यासाठीच आहे. दुसऱ्या निर्णयात 2B हा पर्याय खरा सापळा आहे, कारण स्टार्ट दाबून पाहणं ही योग्यच पायरी आहे. ती फक्त विजेबद्दल सांगते, कोंडलेल्या हवेबद्दल काही सांगत नाही. अर्धवट ज्ञान असलेला माणूस नेमका तिथे फसतो, आणि ट्रेनिंग पाहणाऱ्यांत बहुतेक जण असेच असतात.

निर्णयाला उलटं मोजणारं घड्याळ लावायचा मोह आवरा. इथली घाई सुपरवायझरच्या तोंडून आली आहे, तेवढी पुरे. घड्याळ लावलं की सावकाश वाचणारा माणूस विषय येत असूनही चुकतो.

परिणाम कारणातून आला पाहिजे

परिणाम लिहिताना स्वतःला दर वेळी विचारा, हे मशीन खरंच असं वागेल का? पहिल्या मसुद्यात हटकून एक चूक राहते. ऑपरेटर दार उघडून हात घालतो आणि कोणीतरी मशीन सुरू करतं, असं लिहिलं जातं. पण त्या दाराला इंटरलॉक असेल तर दार उघडं असताना मोटर सुरूच होणार नाही. इलेक्ट्रिशियन ती क्लिप पाहून हसेल, आणि त्याच्याबरोबर खोलीतले सगळे. म्हणून आपल्या गोष्टीत बोल्टने बसवलेलं, इंटरलॉक नसलेलं झाकण आहे, आणि क्लिप 2 मध्ये बोल्ट काढताना एक शॉट मुद्दाम ठेवला आहे.

हवेचंही तसंच. लाइनचं गेज शून्यावर आलं म्हणजे सिलिंडर रिकामा झाला असं दर वेळी नसतं. काही व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत सिलिंडरची दोन्ही तोंडं बंद ठेवतात आणि आत दाब राहतो. 2C मधली सळई त्यासाठी आहे. तुमच्या मशीनवर हे कसं तपासायचं ते तिथल्या मेंटेनन्सवाल्याकडून घ्या आणि पायरी त्याच्याच शब्दांत लिहा.

जखम दाखवू नका. रक्त दिसलं की माणूस मान वळवतो आणि कारण बघायचं राहून जातं. त्याऐवजी वस्तू वापरा. 1A मध्ये बेल्ट सुरू होतो, हातातला पाना ओढला जातो आणि रोलरमध्ये वाकून अडकतो. ऑपरेटर रिकाम्या हाताकडे पाहतो. तीन सेकंद कोणी काही बोलत नाही. 2A मध्ये पुशर पुढे येतो आणि खोकं चेपतं. हात तिथे नव्हता एवढंच.

‘तुमचं उत्तर चुकलं’ असा निवेदकाचा आवाज परिणामावर टाकू नका. आधी परिणाम पूर्ण दिसू द्या, मग पडद्यावर कारणाची एकच ओळ: ‘एमर्जन्सी स्टॉप मशीन थांबवतो, ऊर्जा तोडत नाही.’ त्याखाली ‘पुन्हा निवडा’. बरोबर निवडीलाही शाबासकी नको. गोष्ट पुढे गेली, तेवढं बस.

स्क्रिप्टचं पान

प्रत्येक क्लिपला स्वतंत्र पान द्या. वर क्लिपचा क्रमांक, कुठून येते आणि कुठे जाते. मग दृश्य आणि संवाद. तळाला पडद्यावरचा मजकूर, आणि सर्वांत शेवटी ‘अवस्था’. ही शेवटची ओळ नेहमीच्या स्क्रिप्टमध्ये नसते, इथे तिच्याशिवाय चालत नाही. क्लिप 2 चं पान असं दिसेल:

क्लिप 2. येते: 1B, 1C, आणि परत 2A मधून. जाते: 2A, 2B, 2C.
दृश्य: मशीनची मागची बाजू. ऑपरेटर झाकणाचे चार बोल्ट काढतो. आत तिरकं अडकलेलं खोकं. त्यामागे पुशर, दांडा अर्धा बाहेर.
ऑपरेटर (स्वतःशी): ‘थोडंसंच अडकलंय.’
शेवटची फ्रेम: ऑपरेटर खोक्याकडे पाहत स्थिर, हात अजून बाहेर.
अवस्था: हातमोजे घातलेले. पाना उजव्या हातात. मेन स्विच फ्रेममध्ये नाही.

मेन स्विच फ्रेममध्ये का नाही? कारण ही क्लिप कुलूप लावलेले आणि न लावलेले दोघंही पाहणार आहेत. स्विच दिसला तर एकासाठी चित्र खोटं ठरेल. वाटा जिथे एकत्र येतात त्या प्रत्येक क्लिपमध्ये, आधीच्या कुठल्याही वाटेशी विसंगत असं काही दिसता किंवा बोललं जाता कामा नये. ‘कुलूप तर लावलंच आहे’ असं एखादं निरुपद्रवी वाक्य क्लिप 2 मध्ये शिरलं की 1B ची सगळी वाट मोडते. 2A ची पुशर उसळण्याची क्लिप जवळून, फक्त खोकं आणि दांडा दिसेल अशी घ्यायची तीही याच कारणासाठी. 3X चा उत्तरार्ध 3B ला वापरायचा, तर त्यात स्विचवर कुलूप नसणं दोन्हीकडे खरं आहे, म्हणून तो चालतो. बाजूच्या ट्रॉलीवर मात्र टॅग पडलेला राहिला तर चालणार नाही.

शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होत नाही, जागेच्या क्रमाने होतं. आधी पॅनेलपाशी घडणारं सगळं, मग मशीनमागचं सगळं. त्यामुळे पाटीवर क्लिपचा क्रमांक न चुकता लिहा आणि अवस्थेची ओळ हातात धरून एक माणूस कॅमेऱ्याशेजारी उभा करा. निर्णयाच्या तिन्ही क्लिपच्या शेवटी कलाकाराला दहा सेकंद तसंच थांबायला सांगा. पर्याय दिसत असताना मागे हीच फ्रेम फिरत राहते. हे शॉट राहून गेले तर मागे गोठलेलं चित्र उरतं, आणि नेमक्या त्याच क्षणी कलाकाराचे डोळे मिटलेले असतात.

शूटिंगआधी कागदावर खेळवा

स्क्रिप्ट मंजुरीला पाठवण्याआधी लाइनवरच्या चार-पाच जणांसोबत ती खेळवा. 13 क्लिपची पानं वेगळी ठेवा. एकाला क्लिप 1 मोठ्याने वाचून दाखवा, तीन पर्याय समोर ठेवा, तो निवडेल ते पान काढा. मधे काही समजावू नका. त्याने काय निवडलं याची नोंद करा, आणि निवडताना तो काय पुटपुटला याची त्याहून जास्त.

पाचही जणांनी एखाद्या निर्णयात पटकन बरोबर उत्तर दिलं, तर चुकीच्या पर्यायांत दम नाही. गोष्टीतला दबाव वाढवा, किंवा 2B सारखा अर्धा बरोबर पर्याय शोधा. एखादा पर्याय कोणीच उचलला नाही तर तो काढून टाका. दोनच पर्याय राहिले तरी चालतील, भरतीचा तिसरा नको. कोणी म्हणालं ‘आमच्याकडे असं करतच नाही’, तर लगेच विचारा, ‘मग काय करता?’ तुमचा पुढचा चुकीचा पर्याय बहुधा त्याच उत्तरात असतो. आणि कोणी बरोबर पर्याय निवडून कारण चुकीचं सांगितलं, समजा 2C घेऊन म्हणाला ‘तिसरं मोठं दिसतंय म्हणून’, तर त्या निर्णयाची वाक्यं पुन्हा लिहा आणि नव्या माणसासमोर ठेवा.